मदत हवी आहे: पार्लरचं सामान नवं घ्यावं, जुनं की भाड्यानं?

दर्यापूरकर_ताई: नमस्कार. गावातच लहानसं पार्लर टाकते आहे. सामानाला चाळीस हजारांच्या वर जाता येत नाही. हायड्रॉलिक खुर्ची, स्टीमर आणि ड्रायर नवे घेतले तर सव्वीस हजार. अमरावतीत एक पार्लर बंद झालं, ती बाई तिन्ही तेरा हजारांत देते. एकजण भाड्यानंही देतो: दहा हजार डिपॉझिट, महिना अठराशे, दीड वर्ष सोडता येणार नाही. काय करू?

वऱ्हाडी_गडी: भाड्यानं घ्या ना ताई. बिघडलं तं त्याच्या डोक्याला ताप, आपल्याले काय!

खुर्चीवाले_काका: पंधरा वर्षं पार्लरच्या खुर्च्या दुरुस्त करतो. भाड्याचा हिशेब करा: अठरा महिन्यांचे 32,400 होतात, आणि शेवटी सामान त्याचंच. बिघाड त्याच्याकडे, हे कागदावर आहे का? गावात मेकॅनिक यायला आठवडा लागला तर त्या आठवड्याचं भाडं कोण भरणार, तेही विचारा.

जुनं घ्यायचं तर फक्त खुर्ची घ्या. घरातल्या जड माणसाला बसवा, पंप मारून पूर्ण वर घ्या, मागे भिंतीवर खडूनं रेघ मारा आणि दहा मिनिटं थांबा. खाली उतरली तर पंप गेला समजा. बुडाशी तेलाचा चिकट डाग दिसतो का, तेही पाहा.

स्टीमर मात्र जुना नको. तुमच्याकडे खारं पाणी. आतल्या कॉइलवर पांढरा थर चढला की वाफेबरोबर उकळते थेंब उडतात, थेट गिऱ्हाइकाच्या तोंडावर. नव्यातही आरओचंच पाणी घाला.

कात्री_कंगवा: माझं जेंट्स सलून आहे, साधी लाकडी खुर्ची, वीस वर्षं झाली. हायड्रॉलिक लागतेच काऊन?

दर्यापूरकर_ताई: दादा, बायकांचे केस धुवायला अन् कापायला उंची कमीजास्त करावी लागते.
काका, आज जाऊन आले. माझे दीर बसले, दहा मिनिटांत खुर्ची दीड बोट खाली. बाई म्हणते तेल टाकलं की झालं.

वऱ्हाडी_गडी: बरोबर आहे तिचं. आमच्या खुर्चीत तेल टाकलं तं वर्षभर चालली.

खुर्चीवाले_काका: तेल नुसतं कमी झालं असेल तर चालते. सील फाटलं असेल तर नवं तेलही महिनाभरात जमिनीवर. बुडाशी डाग होता?

दर्यापूरकर_ताई: होता. फडक्यानं पुसलेला दिसला.

खुर्चीवाले_काका: मग सील गेलं. पंप बदलायचा खर्च खुर्चीच्या भावातून कापायला सांगा. नाही मानली तर परत या. बदलायचा ठरला तर आधी खालच्या चार बोल्टांमधलं अंतर मोजून ठेवा, नाहीतर पंप येतो अन् बसत नाही. अन् 2000 वॅटचा ड्रायर साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर लावू नका, सोळाचा बसवून घ्या.

दर्यापूरकर_ताई: दुकानात साधेच प्लग आहेत. वायरमनला उद्या बोलावते. पंप कुठं मिळेल, अकोल्यात की अमरावतीत?