'खापर' प्रॉम्प्टमध्ये कसं लिहायचं?

फ्लेक्सवाला (पाचोरा)
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. आखाजीच्या सणासाठी एका खानावळीचा फ्लेक्स करतोय. मालकांनी फोटो दिलाय तो झकास आहे, मावशी चुलीपुढे बसल्यात, जाळ छान आलाय. पण चुलीवर लोखंडी तवा! मालक म्हणतात, "खापर पाहिजे. तव्यावरची पुरणपोळी खायला आखाजीला कोण येईल?" मावशी गावाला गेल्या, फोटो पुन्हा काढणं होत नाही.

म्हणून फोटोशॉपात तवा लासोने घेरला आणि जनरेटिव्ह फिलमध्ये Firefly मॉडेल ठेवून पट्टीत `khapar` लिहिलं. एका वेळी तीन नमुने येतात, तिन्हीत काहीतरी तपकिरी ताटल्या आल्या. `clay pot` लिहिलं तर कुंडी आली, एकीत तर रोप पण होतं. शब्दकोश उघडला. त्यात खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. तसं लिहिलं तर चुलीवर खरंच मडक्याचे तुकडे मांडून दिले. मावशींनी रागाने भांडी फोडल्यासारखं दिसतंय.

तर खापराला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

मास्तर (पारोळा)
शब्दकोश बरोबर सांगतो आहे. मूळ संस्कृत 'खर्पर'. त्याचे अर्थ कवटी, भिक्षापात्र, मडक्याचा तुकडा. 'खापर फोडणे' म्हणतो तेव्हा कोणाच्या डोक्यावर अख्खी घागर नेत नाही आपण. अख्ख्या भांड्याला खापर म्हणणे हा स्थानिक प्रघात. प्रमाण अर्थ धरून शोधाल तर असेच होणार.

तापीकाठ
मास्तर, स्थानिक प्रघात म्हणजे काय? आमनी माय खापरवर मांडा टाके, तुकडावर नही! धुळे, नंदुरबार, जळगाव, तिन्ही जिल्ह्यांत खापर म्हटलं की चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडंच डोळ्यापुढे येतं. आणि तुम्हीच म्हणता मूळ अर्थ कवटी. कवटीला पालथी धरा की. झालं ना खापर?

मास्तर (पारोळा)
कवटीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण एवढ्यावरून व्युत्पत्ती ठरत नसते.

रावेरची सून
खापर कुठे मिळेल ते इथे विचारलंय का? आमच्याकडे सासूबाईंचं होतं, त्याला बारीक चीर गेली. नवीन आणलं तर एकदम मोठ्या जाळावर ठेवू नका, आधी मंद आचेवर तापू द्या. आणि पोळी लाटायची नाही हो, हातांवर फिरवत मोठी करायची. फोटोत पोळपाट-लाटणं दिसत असेल तर तेही काढा, लोक हसतील.

फ्लेक्सवाला (पाचोरा)
ताई, खापर फोटोत आणायचंय. पण पोळपाटाचं बरं सांगितलंत, कोपऱ्यात आहे खरा.

स्टुडिओतले नाना
भाऊ, नाव शोधत बसू नका. ज्या चित्रांवर हे शिकलंय त्यांत खापर या नावाने फारसं काही नसणार. जे त्याला ठाऊक आहे त्यातून खापर जुळवून द्यावं लागेल. पण तुमची अडचण शब्दाआधी लासोत आहे. फोटो समोरून काढलेला, तवा सपाट, म्हणजे तुमचा घेर बोटभर जाडीचा पट्टा झाला. त्या पट्ट्यात फुगीर भांडं मावेल कसं? ते मग ताटलीच देणार. घेराचा आकार हा वर्णनाचाच भाग असतो, तिथे काय मावतं ते आधी ठरतं.

असं करा. घेर वर वाढवा, खापराचा फुगवटा जिथपर्यंत यायला हवा त्याच्या किंचित पुढे, मागचं लुगडं झाकलं गेलं तरी हरकत नाही. खाली चुलीच्या तोंडापर्यंत न्या, म्हणजे काजळी आणि सावली पडायला जागा मिळेल. तवा कडेने थोडाही बाहेर राहिला की ते पुन्हा तव्याच्या अंगाने जातं, तो पूर्ण आत घ्या. मावशींची बोटं मात्र Alt दाबून लासोने वजा करा. आत राहिली तर बोटंही नवी येतात आणि ती पाचच येतील असं नाही. मग हे लिहा:

```
upside-down round clay pot, wide smooth dome, soot-blackened
```

कॉलेजकट्टा (भुसावळ)
नाना, एवढ्या थोडक्यात नाही होत. प्रॉम्प्ट जेवढा लांब तेवढा चांगला. `ultra realistic, 8k, cinematic lighting` हे जोडायचंच. आणि क्ले पॉटपेक्षा `upside-down wok` लिहा. रुमाली रोटी पालथ्या कढईवर करतात, तसले फोटो जगभर आहेत.

फ्लेक्सवाला (पाचोरा)
दोन्ही करून पाहिलं. नानांचा घेर घेतल्यावर पहिल्यांदा फुगीर भांडं आलं! मात्र एका नमुन्यात ते पिझ्झाच्या भट्टीसारखं, तोंडासकट. कॉलेजभाऊंचा wok आकाराला एकदम बरोबर, पण लोखंडी चकाकतोय आणि दोन्ही बाजूंना कान. आणि cinematic मुळे खापरावर निळसर उजेड पडला. खाली लाल जाळ आणि वर निळं खापर.

स्टुडिओतले नाना
कॉलेजभाऊ अर्धे बरोबर आहेत. wok चांगला सुचला, आकार त्याच्याकडून घ्या आणि माती आपली घाला. उजेडाचं मात्र काहीच लिहू नका. उजेड ते आजूबाजूच्या फोटोवरून उचलतं, तुम्ही वेगळा मागितलात की दोघांचं भांडण लागतं. 8k लिहून पिक्सेल वाढत नाहीत. आणि पिझ्झाची भट्टी आली ती dome मुळे, माती आणि जाळ यांच्याजवळ dome आला की ते तिकडे वळतं. तो शब्द काढा:

```
upside-down wok made of rough terracotta, soot-blackened, over wood fire
```

फ्लेक्सवाला (पाचोरा)
आलं नाना! काजळीसुद्धा खालून वर विरत गेलीय. फक्त डाव्या बाजूला एक कान शिल्लक. `without handles` जोडलं तर दोन्हीकडे आले, आधीपेक्षा मोठे.

वरातीचा फोटोग्राफर
हा अनुभव माझाही आहे. लग्नाच्या फोटोत नवरीमागे एक काका जेवताना आलेले. त्यांना घेरून `remove the man` लिहिलं. ते गेले, त्यांच्या जागी दुसरे काका आले, सुटाबुटात.

स्टुडिओतले नाना
तेच ना. पट्टीत लिहाल ते तिथे असावं असं ते धरतं. काका लिहिले की काका, कान लिहिले की कान. नको असलेल्या वस्तूचं नावच घ्यायचं नाही. फोटोग्राफर भाऊ, तुम्ही पट्टी रिकामी ठेवून नुसतं Generate दाबायचं होतं, मग ते शेजारचं बघून भरतं.

खापरालाही तसंच. चांगला आलेला नमुना टाकून सगळं पुन्हा मागू नका, प्रत्येक वेळी क्रेडिटही जातं. तोच निवडून ठेवा, फक्त कानाभोवती छोटा घेर घ्या, मागचं थोडं लुगडं आत येऊ द्या आणि पट्टी रिकामी सोडा. नवीन भाग वेगळ्या लेयरवर येतो, बिघडलं तर तेवढाच लेयर उडवायचा. पोळपाटही असाच निघेल.

मास्तर (पारोळा)
नाना जे सांगत आहेत त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. काही लोक प्रॉम्प्टला 'आज्ञा' किंवा 'आदेश' म्हणतात, ते चूक. इथे क्रियापद चालतच नाही, नाम आणि विशेषण चालते. म्हणून 'वर्णन' म्हणावे. आणि जनरेटिव्ह फिलला 'सृजनभरण'.

तापीकाठ
सृजनभरण! भरीत वाटलं मला. आमच्या गल्लीतला पोरगा 'फिल मार' म्हणतो, सगळ्यांना कळतं.

मास्तर (पारोळा)
कळणे हा एकच निकष लावला तर भाषेत काही उरणार नाही.

तापीकाठ
आणि न कळणं हा निकष लावला तर बोलणाराच उरणार नाही, मास्तर.

फ्लेक्सवाला (पाचोरा)
कान गेला. आता खापर रिकामं आहे, त्यावर पोळी हवी. खापर आणि पोळी एकाच वाक्यात लिहून बघितलं तर पोळी जाड पावासारखी आली आणि खापर पुन्हा बदललं.

स्टुडिओतले नाना
एका वेळी एकच वस्तू. खापराचा लेयर तसाच राहू द्या. आता घेर फक्त पोळीचा, खापराच्या वरच्या भागावरून आणि दोन्ही कडांना खाली उतरता. `thin round flatbread` हवंच, रंग म्हणून `pale yellow with brown spots`.

रावेरची सून
पोळी कडांवरून खाली लोंबली पाहिजे. खापराएवढीच दिसली तर ती मांडा नाही, भाकर झाली.

फ्लेक्सवाला (पाचोरा)
ताईंचं ऐकून `draped over` लिहिलं. पोळीला ओढणीसारख्या चुण्या पडल्या, एका नमुन्यात कडेला झालर.

स्टुडिओतले नाना
draped म्हटलं की कापड येणारच. `lying flat over the curve` लिहा आणि लोंबणारी कड शब्दांनी मागू नका. घेरच दोन्हीकडे आणखी खाली ओढा, जागा दिसली की ते भरतं. झालं की शंभर टक्के मोठं करून बघा. मोठा घेर घेतला की भरलेला भाग मूळ फोटोपेक्षा गुळगुळीत येतो, मावशींच्या लुगड्याचा दाणा दिसतो आणि पोळी मेणाची वाटते. तेवढ्याच लेयरवर Add Noise थोडासा द्या. फ्लेक्स लांबून बघतात, पण मालक मोबाइलवर बोटांनी मोठं करून बघणार.

कॉलेजकट्टा (भुसावळ)
एक शंका. न घडलेली पोळी दाखवून गिऱ्हाईक बोलवायचं, हे बरोबर आहे का? खानावळीत खापर आहे की नाही?

फ्लेक्सवाला (पाचोरा)
खापर आहे म्हणतात. मी बघितलेलं नाही.

रावेरची सून
मग त्याचाच फोटो मोबाइलवर काढून पाठवा म्हणावं. एवढा उपद्व्याप कशाला?

स्टुडिओतले नाना
ताई, तोही लावता येतो, पण चुलीचा उजेड त्यावर जुळवायला बसावं लागतं, ते वेगळं काम. तरी खरं खापर मिळत असेल तर मी तोच वापरीन.

मास्तर (पारोळा)
एक राहून गेले. 'खापरपणजोबा' यात खापर कुठून आले? फुटलेला तुकडा धरला तर घराण्याचा दूरवरचा तुकडा असा अर्थ लागतो.

तापीकाठ
अन् कवटी धरली तर? एवढ्या मागच्या माणसाची तेवढीच राहते.

वरातीचा फोटोग्राफर
आमच्याकडे म्हणतात, घरातलं सगळ्यात जुनं भांडं खापर, म्हणून सगळ्यात जुना आजोबा खापरपणजोबा.

मास्तर (पारोळा)
ही लोकव्युत्पत्ती झाली. पुरावा द्या.

तापीकाठ
तुकड्याचा तुम्ही द्या आधी.