‘निवडा’ म्हटलं की संयोजनच का?

पीयूसीवाली (खानापूर): दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता फर्स्ट पीयूसीला सगळं इंग्रजीत. ‘सिलेक्ट’ म्हणजे निवड, म्हणजे संयोजन, असं वहीत लिहून ठेवलंय. पण ‘7 जणांतून अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडा’ याचं उत्तर 210 दिलंय. मला 35 येतंय.

निपाणीकर: निवडा असेल तर संयोजन, बसवा किंवा रचा असेल तर क्रमपरिवर्तन. छापायची चूक असेल की.

गणिताचे सर (बेळगाव): नाही ओ, 210च बरोबर. क्रियापदावर जाऊ नका. निवडलेल्यांची आपसात अदलाबदल करून बघा. अध्यक्षाला खजिनदार केलं तर निकाल बदलतो ना? 35 त्रिकुटं आहेत, आणि प्रत्येकात तीन पदं 6 प्रकारांनी वाटता येतात. नुसते तीन सदस्य हवे असते तर 35वरच थांबायचं.

गल्लीतला कार्यकर्ता: आमच्या गणेश मंडळात 7च जण, पण एक अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष. मग किती?

गणिताचे सर: दोघे उपाध्यक्ष सारख्याच मानाचे असतील तर 7 × 15 = 105. पहिला-दुसरा असा भेद असेल तर पुन्हा 210.

गल्लीतला कार्यकर्ता: सारखेच की नाही, यावरच तर आमच्यात दरवर्षी वाद!

पीयूसीवाली: सर, आता हे बघा. 5 मुलगे, 4 मुली, त्यातून 4 जणांचा संघ, किमान 2 मुली. आधी 2 मुली घेतल्या, 6 प्रकार. मग उरलेल्या 7 जणांतून कुणीही 2, म्हणजे 21 प्रकार. 126 झाले. इथं पदं तर नाहीतच.

गणिताचे सर: 9 जणांतून 4 कसेही घेतले तरी 126च होतात. अट घालूनही एक संघ गळला नाही, तिथंच शंका यायला हवी. समजा संघात अ, ब, क या तीन मुली आणि एक मुलगा आहे. तुमच्या रीतीनं कधी अ-ब आधी आणि क मग येते, कधी अ-क आधी, कधी ब-क आधी. संघ एकच, पण मोजला गेला तीनदा. चारही मुली असतील तर तोच संघ सहादा. पदं नव्हती, पण ‘आधी’ आणि ‘मग’ अशी दोन पदं तुम्हीच तयार केलीत. त्याऐवजी वेगवेगळं मोजा. बरोबर 2 मुली असलेले 6 × 10 = 60 संघ, 3 मुलींचे 4 × 5 = 20 आणि चारही मुलींचा 1. एकूण 81.

निपाणीकर: मी उलटीकडून केलं. एकही मुलगी नसलेले 5 आणि एकच मुलगी असलेले 40 संघ 126मधून वजा केले. 81च आले. तरी सर, पेपरात वेळ कमी असतो, तिथं क्रियापद बघूनच सुरुवात करावी असं माझं मत.

गणिताचे सर: सुरुवात करा की. पण मग पहिल्या गणिताला तुम्ही 35च लिहिणार.