‘सुटून आला’ की ‘निर्दोष सुटला’? गोष्टीसाठी शब्द हवेत

मखमलाबादकर
मंडळी, एक छोटी गोष्ट लिहायला घेतलीये आणि शब्दांपाशी गाडी अडकलीये. नायक संजय, वय छत्तीस, सातपूर एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर होता, गावाकडच्या एका भांडणात पाच जणांवर 302 लागलं त्यात याचंही नाव आलं, जामीन झाला नाही आणि साडेचार वर्षं नाशिकरोडच्या सेंट्रल जेलात काढून आता केस सुटून घरी आलाय. घर सिडकोत, आई, बायको, एक मुलगी आणि धाकटा भाऊ.
प्रश्न असा की याला काय म्हणायचं? पेपरात ‘न्यायाधीन बंदी’ असतं, ते आईच्या तोंडी शोभत नाही. ‘कैदी’ म्हटलं तर शिक्षा झालेला वाटतो. आणि ‘सुटून आला’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं केलं असेल पण निसटला. घरात, गल्लीत आणि कामावर लोक खरंच काय बोलतात ते सांगा.

अण्णा (पवननगर)
कच्चा कैदी म्हणतात त्याला. कच्चा म्हणजे केस चालू, पक्का म्हणजे शिक्षा लागलेला, सोप्पंय. पण भाऊ तुमची गोष्टच चुकतीये, कच्च्या कैद्याने अर्धी शिक्षा काढली की कोर्ट सोडतं, तसा कायदाच आहे, आता तर नवीन कायद्यात एक तृतीयांश केलंय. साडेचार वर्षं कशी काय आत राहील तो?

सुनंदाताई (वकिलांकडे 22 वर्षं)
अण्णा, तुम्ही म्हणता तो कायदा आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 436अ आणि 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 479. पण ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्याला तो आधीपासूनच लागू नव्हता आणि नव्या कलमात जन्मठेपेचे गुन्हेही स्पष्ट वगळलेत. 302 ला दोन्ही शिक्षा आहेत, मग अर्धी काय आणि एक तृतीयांश काय, कशाची काढणार? एक तृतीयांश तर पहिल्यांदाच अडकलेल्यालाच मिळते, त्यातही एकाहून जास्त केसेस चालू असतील तर नाही. त्यामुळे मखमलाबादकरांची साडेचार वर्षं अगदी बसतात. पाच आरोपी म्हटल्यावर एका तारखेला एक हजर नाही, दुसऱ्या तारखेला वकील नाही, तिसऱ्याला साक्षीदाराला समन्स लागलं नाही, कधी पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून आरोपीच कोर्टात आणला नाही, अशी वर्षं जातात.
शब्दाचं म्हणाल तर ‘कच्चा कैदी’ सगळीकडे चालतं, वकील पण तेच बोलतात. ‘न्यायाधीन बंदी’ कागदावर. पण घरातलं माणूस यातलं काहीच म्हणत नाही, ‘आत होता’ म्हणतं.

सई (पंचवटी)
आत होता पण नाही म्हणत हो कधीकधी. माझा चुलत दीर तीन वर्षं होता, सासूबाई अजून ‘तो तिकडे होता तेव्हा’ असंच बोलतात. जेल हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. त्याच्या मुलाला सांगितलं होतं पप्पा दुबईला कामाला आहेत, मग शाळेत कुणीतरी पोरगं बोललं आणि तो घरी येऊन विचारतो दुबईला तारीख असते का, कारण घरात सारखं ‘पप्पांची तारीख’ चालायचं ना. तुमच्या गोष्टीत मुलगी आहे तर ‘तारीख’ शब्द नक्की घ्या, या घरांमध्ये तारीख म्हणजे कॅलेंडर नाही, कोर्टच.
आणि मुलाखत! आमच्याकडे मुलाखत म्हणजे नोकरीची. जाऊबाई म्हणायच्या ‘उद्या मुलाखतीला जायचंय’, मला नवीन असताना वाटलं बाई नोकरी शोधतायत, त्या तर तिकडे दिराला भेटायला जायच्या.

देवळालीचा पप्पू
माझं माहेरच जेलरोड आहे (म्हणजे बायकोचं, तिच्या आयडीवरून टाकतोय). आयुष्यभर ऐकतोय ‘कुठून आलात, जेलरोडहून? कधी सुटलात?’ हा जोक नाशिकमध्ये बंद झाला पाहिजे. बाकी ते जेलमधल्या गणपती मूर्ती आणि फर्निचर एक नंबर असतं, तुमचा संजय तिथे सुतारकाम शिकून आला असं दाखवा, आल्यावर धंदा टाकतो.

सुनंदाताई
पप्पू, ते कारखान्यातलं काम मुख्यतः पक्क्यांचं असतं, त्यांना सश्रम शिक्षा असते. कच्च्याला सक्तीचं काम नाही आणि जेलचे कपडेही नाहीत, तो घरच्याच शर्टात असतो. म्हणूनच साडेचार वर्षांत हातात काही नवीन येत नाही आणि जुनं विसरतं. ऑपरेटर माणूस म्हणजे तर ड्रॉइंग वाचायची, ऑफसेट मारायची सवय गेली की गेली.

मखमलाबादकर
हे फार कामाचं. मग सुटण्याचा दिवस सांगा ना कोणी नीट. मी असं लिहिलंय की जज म्हणतात ‘बाइज्जत बरी’ आणि तो कोर्टातून थेट घरी येतो, आई भाकरतुकडा ओवाळते.

सुनंदाताई
भाकरतुकडा ठेवा, बाकी सगळं काढा. बाइज्जत बरी हे हिंदी पिक्चरमधलं. आपल्याकडे निकालाच्या आदेशात साधारण असं येतं: ‘आरोपी क्र. 3 यास भा.दं.सं. कलम 302 सह 34 खालील गुन्ह्यातून फौ.प्र.सं. कलम 235(1) अन्वये निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. अन्य प्रकरणात आवश्यक नसल्यास त्यास तात्काळ सोडण्यात यावे.’ गुन्हा जुना आणि केसही आधीपासून चालू, म्हणून कलमं जुनीच.
दुसरं, तो आत असेल तर कोर्टातून थेट घरी जात नाही. परत गाडीत बसून जेलात जातो, मागून सुटकेचा कागद जातो, तिथे नाव, वडिलांचं नाव, केस नंबर ताळून बघतात, दुसरी केस आहे का बघतात. कागद उशिरा पोचला, संध्याकाळची गिनती होऊन बराकी बंद झाल्या, तर रात्र तिथेच आणि सकाळी सुटका. निर्दोष ठरल्यावरची ती एक रात्र लिहा तुम्ही, मी तर म्हणेन तुमची गोष्ट तिथेच आहे.
अजून एक, निकालाच्या आधी 437अ चा बॉन्ड द्यावा लागतो, सहा महिन्यांचा, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन म्हणून. त्याला जामीनदार लागतो, कोर्ट कधी नुसत्या जातमुचलक्यावर भागवतं. म्हणजे निर्दोष माणसासाठी परत कोणीतरी सातबारा घेऊन उभं राहायचं. साडेचार वर्षं ज्या नातेवाइकांनी फोन उचलला नाही त्यातल्याच कुणाकडे तरी भाऊ निफाडला जाणार.

अण्णा (पवननगर)
ताई मान्य. पण साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटला असेल तर त्याला निर्दोष कसं म्हणायचं, संशयाचा फायदा म्हणायचं. दोन्ही एक नाही. आणि त्याच्या धाकट्या भावाची पोलीस भरती पण गेलीच समजा.

सुनंदाताई
भावाचं काहीही जात नाही, फॉर्ममध्ये स्वतःवरचे गुन्हे विचारतात, भावावरचे नाही. पहिला मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. आदेशात शेवटी शब्द तोच, निर्दोष मुक्तता. पण आतल्या पानांवर जज काय लिहितात त्यावर फरक पडतो, संजयनेच उद्या पोलीस भरतीचा फॉर्म भरला तर खातं निकाल उघडून वाचतं, संशयाचा फायदा दिलाय की पुरावाच खोटा ठरवलाय ते. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ असं काही संहितेत नाही, तो कोर्टांच्या निकालांतून आलेला शब्द आहे आणि नोकरीच्या वादातच जास्त ऐकू येतो.

सई (पंचवटी)
खासगी कंपनीत तरी कोण वाचतंय निकाल. दिराला कॉन्ट्रॅक्टरने फॉर्म दिला, त्यात होतं ‘आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय/नाही’. आता काय लिहिणार? होय लिहिलं, कंसात निर्दोष मुक्तता लिहिलं, तो माणूस होय बघून फॉर्म बाजूला ठेवतो. पुढच्या ठिकाणी नाही लिहिलं तर चारित्र्य पडताळणीत केस निघाली आणि वरून खोटं बोलला म्हणून काढलं.

सुनंदाताई
सई, हा फरक मखमलाबादकरांनी पकडावा. काही फॉर्म विचारतात ‘दोषी ठरला आहात का’, तिथे ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे. काही विचारतात ‘गुन्हा दाखल झाला होता का’, तिथे नाही लिहिणं खोटं. लोक दोन्ही प्रश्न एकच समजतात आणि तिथेच फसतात. आम्ही प्रत्येक सुटलेल्याला सांगतो, नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढ, दोन काढ, एक पोलीस स्टेशनला अर्जासोबत देऊन पोच घे, नाहीतर त्यांच्या रेकॉर्डला केस ‘न्यायप्रविष्ट’च दिसत राहते. संजयच्या खिशात ती नक्कल घडी घालून असू द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
त्याची मोटरसायकल कुठे आहे?

मखमलाबादकर
मोटरसायकल? विचारच नाही केला.

सुनंदाताई
त्यावरून गेला होता असं पोलिसांचं म्हणणं असेल तर ती मुद्देमालात असणार. कुणी सुपूर्दनाम्यावर सोडवली नसेल तर स्टेशनच्या आवारात उभी, दोन्ही टायर बसलेले, सीटवर केस नंबरचा पांढरा पेंट. निकालात लिहितात अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल मूळ मालकास परत द्यावा. म्हणजे माणूस आधी सुटतो, गाडी नंतर.

अण्णा (पवननगर)
हे भारी आहे राव. गाडी नाही तर सिडकोतून सातपूरला सकाळच्या शिफ्टला जाणार कसा.

मखमलाबादकर
घेतो हे. आता आईचं वाक्य. मी लिहिलंय ‘माझ्या पोरानं साडेचार वर्षं शिक्षा भोगली.’ मित्र म्हणाला शिक्षा चुकीचं, शिक्षा झालीच नाही.

प्रा. कुलकर्णी (निवृत्त)
आपले मित्र योग्य म्हणतात. शिक्षा ही दोषसिद्धीनंतर. येथे ‘कारावास’ किंवा ‘स्थानबद्धता’ योजावे. तसेच ‘स्टिग्मा’साठी ‘कलंक’ हा उत्तम शब्द उपलब्ध आहे.

सई (पंचवटी)
सर, सिडकोतली आई कारावास म्हणाली तर शेजारीण विचारेल कुठल्या मालिकेतलं. स्थानबद्धता तर वेगळंच ना, ते एमपीडीएवाल्यांना करतात. आई ‘फुकट सजा भोगली’ म्हणेल. ‘फुकट’ शब्दातच ती सांगते की शिक्षा नव्हती. आणि कलंक कुणी म्हणत नाही, ‘शिक्का बसला’ म्हणतात. मुलगी दाखवायची वेळ आली की ‘घराला बट्टा’.

प्रा. कुलकर्णी (निवृत्त)
‘स्थानबद्धता’ मागे घेतो, तो प्रतिबंधात्मक कारवाईचा शब्द आहे खरा. ‘सजा’ मात्र फारसीतून आला असला तरी अर्थ शिक्षाच, तेव्हा आक्षेप कायम.

सुनंदाताई
सर, कोर्टाच्या भाषेत तुमचंच बरोबर. गंमत अशी की दोषी ठरला असता तर ही साडेचार वर्षं शिक्षेतून वजा झाली असती, ‘सेट ऑफ’ म्हणतो आम्ही. निर्दोष ठरला तर कशातून वजा करणार? भरपाई आपोआप मिळत नाही, विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी कायदा सुचवला होता, झालेला नाही. मग आईने सजा म्हटलं तर मी तरी खोडणार नाही.

देवळालीचा पप्पू
आणि गल्ली काय म्हणते ते राहिलं. आमच्या इथे एक जण सुटून आला तर चहाच्या टपरीवर ‘आला का रे तो?’ इतकंच. नाव नाही, काही नाही. ‘तो’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

मखमलाबादकर
तोंडावर काय म्हणतात मग?

देवळालीचा पप्पू
तोंडावर ‘काय शेठ, बरेच दिवस दिसला नाहीस’. सगळं माहीत असून.

सई (पंचवटी)
आमच्याकडे तर ‘तब्येत सुधारली की’ म्हणाली होती एक बाई दिराला. तो काय बोलणार. मखमलाबादकर, बायकोच्या तोंडी काय घातलंय ते टाका की, तिचं एकही वाक्य अजून आलं नाही. साडेचार वर्षं घर तिने चालवलंय, ती ‘आले’ म्हणेल, ‘सुटले’ नाही म्हणणार असं मला वाटतं, पण बाकीच्यांना काय वाटतं?