शब्दचर्चा : ‘रोजा सोडणे’ आणि सभेच्या तारखेचे पत्र

चिटणीस, चिपळूण
आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा मार्च 2026 मध्ये घ्यायची आहे. नऊ सभासदांपैकी दोघे रमजानचे रोजे धरतात, एक सभासद ख्रिस्ती आहेत आणि एक नागपूरहून ऑनलाइन जोडले जातात. नेहमीची वेळ सायंकाळी साडेसहाची असल्यामुळे मी पत्रात असे लिहिले : ‘मुस्लिम बांधवांच्या उपवासामुळे सभा नेहमीच्या वेळेऐवजी त्यांचा रोजा सोडल्यानंतर, रात्री आठ वाजता घ्यावी लागत आहे.’ हेतू चांगला असूनही वाक्य पुन्हा वाचताना मला संकोच वाटला. दोष नेमका कोणत्या शब्दात आहे, हे जाणकारांनी सांगावे.

लेखणी
दोष ‘-मुळे’ या प्रत्ययात आहे. ‘पावसामुळे सामना रद्द झाला’, ‘आजारामुळे येता आले नाही’, अशा अडचणीच्याच जागी तो येतो. ‘उपवास लक्षात घेऊन’ असे लिहिले की काम भागेल.

मिरजकर
हे अर्धेच खरे आहे. ‘आपल्यामुळे काम झाले’ असे आपण कृतज्ञतेने म्हणतोच, तेव्हा ‘-मुळे’ स्वतः निर्दोष आहे. त्याला कडवटपणा येतो तो वाक्याच्या शेवटी असलेल्या ‘घ्यावी लागत आहे’ या क्रियापदाने. ‘लागणे’ आले की कोणीतरी नाइलाजाने काही करत आहे, असे वाचणाऱ्याला कळते, आणि मग तो नाइलाज कोणी आणला याचे उत्तर ‘-मुळे’ देतो. ‘उपवास लक्षात घेऊन सभा रात्री घ्यावी लागत आहे’ असे लिहिले तरी बोच तशीच राहील. ‘सभा घेण्याचे योजिले आहे’ असे लिहिले की ती बऱ्याच अंशी जाते.

दुसरी गोष्ट अशी, की हे पत्र त्या दोन सभासदांच्याही हातात पडणार आहे. ज्यांना पत्र लिहितो त्यांनाच त्यात ‘बांधव’ आणि ‘त्यांचा’ म्हटले, की उरलेले सात जण आपसांत बोलत आहेत आणि हे दोघे बाजूला बसून ऐकत आहेत, असे चित्र उभे राहते. ‘बांधव’ हा शब्द जाहीर शुभेच्छांत शोभतो, पण नऊ जणांच्या पत्रात तो अंतर वाढवतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत उपवास ‘सोडणे’ म्हणजे तो रीतसर पुरा करून अन्न घेणे आणि ‘मोडणे’ म्हणजे मध्येच भंग करणे, हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्याच न्यायाने आपण ‘रोजा सोडणे’ लिहितो. आमच्या घरी मात्र दखनी बोलली जाते. तिच्यात आणि उर्दूत रोजा ‘खोलतात’, आणि रोजा ‘छोडना’ म्हणजे तो न धरणे, चुकवणे. त्यामुळे ‘त्यांचा रोजा सोडल्यानंतर’ हे शब्द माझ्या कानाला क्षणभर ‘त्यांनी रोजा चुकवल्यानंतर’ असे लागतात. संदर्भाने अर्थ कळतो, रागही येत नाही, पण ठेच लागते.

वैदर्भीय
मिरजकरांचा कान मला मान्य आहे, परंतु मराठी वाक्याला मराठीचाच नियम लागावा. ‘रोजा सोडणे’ वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापले जात आहे आणि ‘रोजा खोलणे’ मराठीत परके वाटते. एका भाषेतल्या शब्दाला शेजारच्या भाषेत वेगळा अर्थ आहे म्हणून तो टाकायचा झाला, तर बरेच शब्द टाकावे लागतील.

सुमनताई
आमच्या भिशीतही संकष्टीला असाच घोळ झाला होता. निमंत्रणात ‘उपवास सुटल्यावर जेवण, साडेआठ वाजता’ असे लिहिले होते आणि त्या दिवशी चंद्रोदय नऊनंतर होता. उपवास असलेल्या आम्ही चौघी ताटांकडे पाहत बसलो. पंचांगात आपल्या गावची चंद्रोदयाची वेळ पाहून मगच पत्रिका काढावी. रोजा असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी ठेवली तर चालेल ना?

मिरजकर
सुमनताई, रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नाहीत, त्यामुळे दिवसाच्या सभेत खिचडीचा प्रश्न उरत नाही. म्हणूनच पत्रात ‘उपवास’ऐवजी ‘रोजा’ लिहावे, असे माझे मत आहे, कारण ‘उपवास’ म्हटले की मराठी मनात फराळ आणि चहा आपोआप येतात. आपण सांगितलेली चंद्रोदयाची गोष्ट मात्र येथे तंतोतंत लागू आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चिपळूणला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो आणि नागपूरला त्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी. म्हणजे ‘इफ्तारनंतर’ हा शब्द दोन ठिकाणी दोन वेळा दाखवतो, तेव्हा पत्रात घड्याळाची वेळच हवी.

रात्री आठची वेळही सोयीची नाही. इफ्तारला लागूनच मगरिबची नमाज असते, मग जेवण, आणि त्यानंतर ईशा व तरावीह, ज्यांना रमजानात बराच वेळ लागतो. बाहेरून मोकळी दिसणारी ही रात्रच रोजेदारांसाठी सर्वांत भरलेली असते. सकाळी अकराची सभा त्याहून बरी, फक्त मध्ये चहापान ठेवू नये. ते सभेनंतर, ज्यांना हवे त्यांच्यासाठी असावे. शुक्रवार दुपार टाळावी, हे वेगळे सांगायला नको.

वसईकर
यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला असल्यामुळे आमचा उपवासकाळ आणि रमजान जवळपास एकदमच सुरू होत आहेत. सभेला त्याची अडचण नाही. मात्र ‘3 एप्रिल रोजी गुड फ्रायडेची सुट्टी असल्याने सर्वांना मोकळा वेळ मिळेल’ अशी वाक्ये मला दरवर्षी कोणत्या ना कोणत्या पत्रात वाचावी लागतात. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही उपासनेत असतो. दिनदर्शिकेतला लाल आकडा एकाला सुट्टी सांगतो आणि दुसऱ्याला व्रत.

माझे म्हणणे असे, की पत्रात कोणाच्याही धर्माचे कारण लिहूच नये. सर्वांना सारखेच विचारावे.

लेखणी
मग ‘कोणाची हरकत नसल्यास ही तारीख कायम समजावी’ असे लिहावे का?

मिरजकर
नको. ‘हरकत’ म्हटले की ज्याला अडचण आहे त्याला आक्षेप घेणारा व्हावे लागते, आणि पुष्कळ जण तेवढ्यासाठी गप्प बसतात. ‘सोयीचे नसल्यास कळवावे’ यात तो भार नाही. वसईकरांशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. कारण अजिबात न लिहिता वेळ बदलली, तर ज्यांच्यासाठी ती बदलली त्यांना आपली आठवण ठेवली गेली हे कळतही नाही. मला तरी ते कळलेले आवडते.

चिटणीस, चिपळूण
सर्वांच्या सूचनांनंतर मसुदा असा केला आहे :

‘कार्यकारिणीच्या सभेसाठी रविवार, 8 मार्च, सकाळी 11 ते 12.30 किंवा शनिवार, 28 मार्च, सायंकाळी 6 ते 7.30 अशा दोन वेळा सुचवीत आहोत. रमजान, गुढीपाडवा (19 मार्च), ईद (चंद्रदर्शनानुसार 20 किंवा 21 मार्च) आणि गुड फ्रायडे (3 एप्रिल) पाहून या तारखा निवडल्या आहेत. यांपैकी जी वेळ सोयीची नसेल ती 25 फेब्रुवारीपर्यंत कळवावी. कारण लिहिण्याची आवश्यकता नाही. चहापान सभेनंतर असेल.’

वसईकर
सण एकाच ओळीत आले, त्यामुळे कोणा एकासाठी सवलत दिल्यासारखे वाटत नाही. माझा आक्षेप मागे घेतो. 28 ची सायंकाळ झावळ्यांच्या रविवारची पूर्वसंध्या आहे. आमच्याकडे काही जण त्या सायंकाळच्या मिस्साला जातात, तेव्हा आपल्या त्या सभासदांना एकदा विचारावे.

वैदर्भीय
मसुदा उत्तम आहे. पण ‘रोजा सोडणे’ची अडचण आपण तो शब्दच गाळून टाळली आहे. इफ्तारचे निमंत्रण मराठीत लिहायचे झाले, तर कोणते क्रियापद वापरणार?

मिरजकर
मी ‘इफ्तारसाठी यावे’ इतकेच लिहितो. कोकणातल्या मुस्लिम घरांत काय म्हणतात, हे चिटणीसांनी आपल्या दोन सभासदांना विचारून येथे लिहिले, तर माझ्या दखनी कानावर विसंबण्याची गरज राहणार नाही.