मदत हवी आहे: डाळिंबांची मोजणी, एकाच फळावर दोन-दोन चौकटी येताहेत

रानवाटा:
नमस्कार मंडळी. सांगोल्याजवळ मामांची भगवा डाळिंबाची बाग आहे. तोडणीआधी झाडावर किती माल आहे याचा अंदाज व्यापारी नुसत्या नजरेने सांगतो आणि भाव त्यावरच ठरतो. म्हणून फोटोवरून फळं मोजायचा प्रयत्न करतोय. टॉर्चव्हिजनमधलं `fasterrcnn_resnet50_fpn` आमच्याच फोटोंवर ट्रेन केलं. क्लास दोन ठेवलेत: 1 म्हणजे हिरवं, 2 म्हणजे रंग आलेलं. फोटो 1200 बाय 800 चे आहेत आणि 0.4 च्या खालचा स्कोअर मी सोडून देतो.

चाचणीच्या दहा फोटोंत हाताने मोजली तर 143 फळं आहेत. मॉडेल सांगतं 171. बरीच फळं दोनदा मोजली जाताहेत. मग `box_nms_thresh`, म्हणजे दोन चौकटी किती एकमेकींवर आल्या की कमी स्कोअरची टाकायची ती एनएमएसची मर्यादा, 0.5 वरून 0.3 केला, तर आकडा 144 आला. वाटलं जमलं! पण चौकटी काढून पाहिल्या तर काही फळांवर अजूनही दोन चौकटी आहेत, आणि घोसात चिकटलेली फळं मात्र गायब. म्हणजे दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि बेरीज बरोबर दिसली. या आकड्यावर मामांनी सौदा करावा असं मला वाटत नाही. कुठे चुकतंय?

तिसरा_मजला:
दोष अँकर बॉक्सचा, म्हणजे मॉडेल फोटोभर आधीच मांडून ठेवतं त्या चौकटींचा आहे. प्रत्येक जागी पाच मापं आणि तीन आकार, म्हणजे 15 अँकर. एका फळावर इतके अँकर बसले तर चौकटीही तितक्याच येणार. मापं कमी करा, 32 आणि 64 काढून टाका. `rpn_nms_thresh` पण 0.7 वरून खाली आणा.

पिल्लूवाला:
माझंही मोजणीचंच दुखणं आहे. शेडमधली कोंबडीची पिल्लं मोजतो, मॉडेल हेच. फोटोत कितीही पिल्लं असोत, आकडा 100 च्या वर जातच नाही. हे एनएमएसमुळेच होतंय ना?

भीमाकाठ:
पिल्लूवाला, तुमचं कारण वेगळं आहे. `box_detections_per_img` मुळातच 100 असतं. एनएमएस झाल्यावर सगळ्यात जास्त स्कोअरच्या 100 चौकटी ठेवून बाकीच्या टाकल्या जातात. तो आकडा 500 करा, लगेच फरक दिसेल.

तिसरा_मजला, एका फळावर अनेक चौकटी अँकरमुळे येतात हे तुमचं बरोबर आहे. पण या मॉडेलमध्ये पाच मापं पाच वेगवेगळ्या थरांवर वाटलेली असतात, त्यामुळे एका जागी तीनच अँकर. 15 नाहीत. तरी 1200 बाय 800 च्या फोटोत मिळून सुमारे 2 लाख 40 हजार अँकर होतात, तेव्हा एकाच फळाकडे अनेकांनी बोट दाखवणं साहजिकच आहे. ती गर्दी हटवणं हे एनएमएसचं काम. 32 आणि 64 काढलेत तर लहान फळं सापडायचीच बंद होतील. `rpn_nms_thresh` मधल्या टप्प्यावरच्या प्रस्तावांना लागतो, त्याने शेवटची दुहेरी चौकट जाईल याची खात्री नाही.

रानवाटा, अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्या जोड्यांचे आकडे इथे टाका. लेबलसकट.

रानवाटा:
तीन जोड्या देतो. पहिल्या दोन एकेकाच फळावरच्या आहेत. तिसरी खरोखरच्या दोन फळांची, जी 0.3 ला गायब होते.

```
क  [412,230,512,330] 0.52 label 2
   [415,232,513,331] 0.41 label 1
ख  [640,300,740,400] 0.88 label 2
   [652,318,712,378] 0.47 label 2
ग  [800,300,900,400] 0.91 label 2
   [845,300,945,400] 0.83 label 2
```

भीमाकाठ:
आता सगळं उघड झालं. तुमच्याकडे दोन निराळी दुखणी आहेत.

क पाहा. दोन्ही चौकटी जवळजवळ एकावर एक बसल्यात; आयओयू, म्हणजे सामाईक भाग भागिले दोन्हींचा मिळून व्याप, 0.93. तरी दुसरी वाचली, कारण लेबल वेगळं. हे मॉडेल एनएमएस क्लासनिहाय लावतं. हिरव्याची चौकट रंग आलेल्याच्या चौकटीला कधी हातच लावत नाही. थ्रेशोल्ड 0.3 करा नाहीतर 0.1, ही जोडी तशीच राहणार. स्कोअरही बघा: 0.52 आणि 0.41, बेरीज 0.93. बहुधा एकाच प्रस्तावाचा स्कोअर दोन क्लासमध्ये वाटला गेलाय. फळ अर्धं हिरवं, अर्धं लाल असणार.

तुम्हाला एकूण फळं हवीत, तर लेबल बाजूला ठेवून एनएमएस पुन्हा एकदा लावा:

```python
from torchvision.ops import nms
k = nms(out["boxes"], out["scores"], 0.5)
boxes, scores = out["boxes"][k], out["scores"][k]
```

आता ख आणि ग, इथेच खरी मेख आहे. ख मध्ये 60 बाय 60 ची चौकट 100 बाय 100 च्या पूर्ण पोटात आहे. सामाईक भाग 3600, दोन्ही मिळून व्याप 10000, म्हणून आयओयू 0.36. ग मध्ये दोन फळं 45 पिक्सेलने सरकलेली: सामाईक 5500, व्याप 14500, आयओयू 0.38. म्हणजे जी जोडी खोटी तिचा आयओयू कमी आणि जी खरी तिचा जास्त! दोन्हींना न्याय देईल असा थ्रेशोल्डच नाही. 0.5 ला ख राहते, 0.3 ला ग जाते. तुम्ही पाहिलंत ते हेच.

म्हणून इथे मोजपट्टी बदला. सामाईक भागाला एकूण व्यापाऐवजी लहान चौकटीच्या क्षेत्रफळाने भागा. ख ला 1.0 येतं, ग ला 0.55. मर्यादा 0.8 ठेवली की पोटातली जाते, शेजारची राहते. पद्धत तीच: जास्त स्कोअरपासून सुरुवात, आणि आधी ठेवलेल्या चौकटीशी 0.8 च्या वर जुळली तर टाकायची.

एक विचारतो. लेबलिंग करताना पानाआड गेलेल्या फळाची पूर्ण चौकट काढलीत की फक्त दिसणाऱ्या भागाची?

रानवाटा:
अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मी पूर्ण काढायचो, मामेभाऊ दिसेल तेवढीच. क मधलं फळही खरंच अर्धं लालच निघालं.

भीमाकाठ:
मग पोटातल्या चौकटींचं बीज बहुधा तिथे आहे. मॉडेल दोन्ही रीती शिकलंय. एकच नियम ठरवून तेवढी लेबलं दुरुस्त करा.

तिसरा_मजला:
15 चा हिशोब माझा चुकला, मान्य. पण मग सॉफ्ट-एनएमएस का नको? 2017 मध्ये ते अशाच गर्दीसाठी आलं. चौकट टाकून न देता नुसता स्कोअर कमी करतं.

भीमाकाठ:
ग सारख्या जोड्यांना उपयोग होईल. पण ते स्कोअर किती उतरवायचा हे आयओयूवरूनच ठरवतं, तेव्हा 0.36 आणि 0.38 चा पेच सुटत नाही. मोजणीत शेवटी कुठेतरी स्कोअरची रेघ ओढावी लागतेच.

रानवाटा:
दोन दिवसांनी लिहितोय. लेबल बाजूला ठेवून एनएमएस लावल्यावर 171 चे 153 झाले, म्हणजे क सारख्या 18 जोड्या होत्या. त्यावर लहान चौकटीची मोजपट्टी 0.8 ने लावली, आकडा 142. या वेळी बेरजेवर विसंबलो नाही, दहाही फोटो एकेक करून पाहिले. दोन फळं अजून दुहेरी आहेत. तीन खरी फळं गेली: मोठ्या डाळिंबाच्या पुढ्यात लहान डाळिंब लोंबतंय, त्याची चौकट मोठ्याच्या पोटात येते. आकड्यांवरून ती ख सारखीच दिसते. ही वेगळी कशी ओळखायची?

भीमाकाठ:
नुसत्या चौकटींवरून नाही ओळखता येणार. लहान चौकटीचा स्कोअरही 0.8 च्या वर असेल तर तिला सोडून बघा, ख मध्ये तो 0.47 च होता. पण तीन उदाहरणांवर रेघ ओढू नका, अजून 40-50 फोटो तपासा. त्या तिघांचे स्कोअर किती होते?

रानवाटा:
0.86, 0.79 आणि 0.58. शेवटचं पानाआड आहे.