प्र: डावखुऱ्या मुलाची वही आणि पेन्सिल

"मुलगी पहिलीत आहे, डाव्या हाताने लिहिते. मनगट वाकडं करून हात ओळीच्या वर नेते, अक्षर पुसटतं आणि बोटं दुखतात म्हणते."

पेन्सिलची पकड बदलायला हवीच, पण आधी वही हलवा. वही सरळ समोर असली की लिहिलेलं हाताखाली झाकलं जातं, ते दिसावं म्हणून मूल मनगट वळवतं. वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे सरकवा आणि उजवीकडे तिरकी करा, म्हणजे खालचा उजवा कोपरा तिच्या पोटाकडे येईल. तीसेक अंशांपासून सुरुवात करा, मनगट सरळ राहील तिथे थांबा. हात ओळीच्या खाली हवा. मग पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायला सांगा. तिथे रबर बँड गुंडाळला की बोटांना जागा कळते. टोकाजवळ धरलं की बोटंच अक्षर झाकतात. नखं पांढरी पडत असतील तर ती फार दाबून लिहितेय, मऊ शिशाची पेन्सिल द्या.

आपल्या लिपीत शिरोरेघेची अडचण वेगळी. डाव्या हाताला ती डावीकडून उजवीकडे ढकलावी लागते, त्यामुळे टोक कागदात रुततं. शब्द पूर्ण झाल्यावर ती उजवीकडून डावीकडे ओढू द्या. बाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वळण चुकलं म्हणून खोडतील. आणि बाकावर तिला डाव्या टोकाला बसवायला सांगा, शेजारच्याचं कोपर लागत नाही.