मदत हवी आहे: मित्रांच्या दहाव्या सहलीच्या फोटोला कॅप्शन

रानवाट: आम्ही सहा जण दरवर्षी एक सहल काढतो. पहिली २०१४ साली झाली. मधे २०२० आणि २०२१ बुडाली, म्हणून दहावी २०२५ मध्ये. इन्स्टाग्रामवर एकच फोटो टाकायचा ठरलंय आणि कॅप्शन माझ्याकडे आलंय. आमचे जोक असे: एकीचं "पाच मिनिटांत खाली येते", एकाचे प्रत्येक ग्रुप फोटोत मिटलेले डोळे, एकाचा शॉर्टकट जो नेहमी लांबचा निघतो, आणि निळी छत्री. मी लिहिलंय ते हे:

"दहा वर्षं, दहा सहली, सहा वेडे! पाच मिनिटं, मिटलेले डोळे, शॉर्टकट आणि ती निळी छत्री... काही गोष्टी बदलत नाहीत."

वाचलं की यादी वाटते. काय करू?

निवांत: छान आहे की! मागे शॉर्टकटवाला जोक मोठ्या अक्षरात आणि पुढे नुसतं "१०" घ्या. कापडावर बारीक अक्षरं धुण्यात जातात.

रानवाट: टी-शर्ट नाही हो, फोटोखालची ओळ हवी आहे.

मधली_सुट्टी: आमच्या सातव्या सहलीला मी सगळ्यांचे जोक एकत्र घातले होते. प्रत्येकाने आपापला शोधला, "माझा शेवटी का?" विचारलं आणि विषय संपला. माझं मत, एकच जोक घ्या, आणि ज्यावर सगळ्यांत जास्त हसता तोच घ्या. "दहा वर्षांची परंपरा" मात्र ठेवा, वजन येतं.

कानामात्रा: एकच जोक, हे बरोबर. पण सगळ्यांत जास्त हसवणारा नव्हे, फोटोत दिसणारा. बाहेरच्या वाचणाऱ्याला चित्रात काहीतरी सापडलं पाहिजे. आणि "दहा वर्षं" काढा. २०१४ ते २०२५ म्हणजे अकरा वर्षं झाली, सहली दहा. तुमच्यातलाच कुणीतरी पहिल्या कमेंटमध्ये हिशेब मांडेल आणि मग गप्पा त्यावरच होतील. "सहलीचा दहावा" असंही चुकून लिहू नका, त्याचा अर्थ भलताच होतो. रानवाट, फोटोत नक्की काय आहे?

रानवाट: सहाही जण एका छत्रीखाली दाटीवाटीने उभे आहोत. एक काडी गंजून वाकलीय, त्यामुळे डावी बाजू लोंबतेय आणि तिथल्या दोघांचे खांदे चिंब भिजलेत. छत्री पहिल्या सहलीपासून बरोबर आहे. ती नेली की पाऊस येत नाही, हे आमच्यात ठरूनच गेलंय. नऊ सहली ती उघडलीच नाही. यंदा पहिल्यांदा उघडली.

कानामात्रा: मग कॅप्शन तुमच्याकडे आहेच! बाहेरच्यांना कळणारा नियम फक्त छत्रीला आहे, आणि तो याच फोटोत मोडतोय. नियम तुम्ही लिहा, मोडलेला फोटोला दाखवू द्या. पाऊस आला हे शब्दांत सांगितलंत की मजा गेली.

"छत्री सोबत असली की पाऊस येत नाही.
नऊ सहली तरी."

दहा हा आकडा कुठेच नाही, वाचणारा स्वतः मोजतो. लांबीही बघा. फीडमध्ये वरच्या दोनेक ओळी दिसतात, उरलेलं `more` दाबल्यावर. आणि मराठीत मोजणी फसवते. "मित्र" डोळ्यांना दोन अक्षरं, पण वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळा धरला की पाच होतात. तुमच्या मसुद्याचा शेवट लपलाही असता.

मधली_सुट्टी: पण बाकीचे पाच नाराज होतील त्याचं काय? आमच्याकडे झाले होते.

कानामात्रा: त्यांचे जोक कमेंटमध्ये त्यांनाच टाकू द्या. "पाच मिनिटांत कमेंट करते" असं तिनेच लिहिलं तर ते कॅप्शनपेक्षा तिथे जास्त खुलेल.

रानवाट: वाचून अंगावर काटा आला, हेच हवं होतं. पण एक सांगायचं राहिलं. छत्री आमच्यापैकी कुणाची नाही. आमचा सातवा मित्र चौथ्या सहलीनंतर दूर गेला, जाताना ती माझ्याकडे ठेवून गेला. भांडण वगैरे काही नाही, येणं जमलं नाही एवढंच. त्याला टॅग करू? की "छत्री अजून चालते" असं तिसऱ्या ओळीत लिहू?

कानामात्रा: तिसरी ओळ नको. फोटोत छत्री लोंबतेय, आणि "तरी" वर थांबलेलं वाक्य परत सुरू होईल. टॅग करा, फोटोत छत्रीवरच करा.

मधली_सुट्टी: मला नाही पटत. टॅग म्हणजे सगळ्यांसमोर विचारणं. तो आला नाही हेही त्यात दिसतं. आधी फोटो त्याला एकट्याला पाठवा.

निवांत: माझ्याकडेही अशी एक बॅग आहे, मालक येत नाही आणि बॅग दरवर्षी येते. मी कधीच टॅग केलं नाही, आता वाटतं करायला हवं होतं.

रानवाट: दोन ओळी पक्क्या. फोटो अजून टाकलेला नाही. आधी त्याला फोन करतोय, काडी वाकल्याचं मीच सांगितलेलं बरं.